टाचणांतच हरवतात अवतरणचिन्हं

डॉरिस कर्न्स गुडविन या अमेरिकेतल्या नामवंत इतिहासलेखिका. 1995 साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं. 2002 च्या जानेवारीत त्यांच्या 1987 सालच्या ‘द फिट्झजेराल्ड्स अँड द केनेडीज’ या ग्रंथावर उचलेगिरीचा आरोप झाला. त्या ग्रंथातले काही उतारे लिन मॅक्टॅगार्ट यांनी त्याआधी लिहिलेल्या कॅथलीन केनेडीच्या चरित्राशेजारी ठेवले, तर वाक्यंच्या वाक्यं जुळत होती. त्यानंतर गुडविन यांना पुलित्झरच्या निवड मंडळावरून दूर व्हावं लागलं.

या प्रकरणात विद्यार्थ्यांनी नीट पाहावी अशी एक गोष्ट आहे. गुडविन यांनी मॅक्टॅगार्ट यांचं नाव दडवलं नव्हतं, तळटिपांमध्ये ते होतं. नव्हती ती अवतरणचिन्हं. त्यांनी पुढे ‘टाइम’ साप्ताहिकात स्वतः खुलासा केला. ग्रंथ सुमारे नऊशे पानांचा होता, काम वर्षानुवर्षं चाललं होतं आणि टाचणं हाताने काढलेली होती. ती टाचणं समोर घेऊन लिहायला बसल्यावर कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं पुस्तकातून जसंच्या तसं उतरवलेलं, हे त्यांना ओळखता आलं नाही. पुढच्या पुस्तकांसाठी त्यांनी पद्धत बदलली. हवा तो उतारा स्कॅन करून ठेवायचा आणि स्वतःचं म्हणणं वेगळ्या फायलीत लिहायचं, म्हणजे दोन्हींची सरमिसळच होणार नाही.

हा खुलासा सर्वांनाच पटला असं नाही. तरी चूक कुठे घडते, हे त्यातून अगदी अचूक कळतं. एम.ए.चा लघुशोधप्रबंध असो, पीएच.डी.मधलं पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचं प्रकरण असो किंवा दिवाळी अंकासाठी पंधरावीस पुस्तकं वाचून लिहिलेला लेख असो, नकळत होणारी उचलेगिरी लिहिताना होत नाही. ती त्याच्या कितीतरी आधी, टाचण काढताना होऊन गेलेली असते. लिहिताना आपण फक्त ती पुढे नेतो. म्हणून संदर्भ कसे द्यावेत याचे नियम पाठ करण्यापेक्षा टाचण कसं काढावं हे आधी शिकायला हवं. आपल्याकडे वर्गात नेमकं तेच शिकवलं जात नाही.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, विषय आहे 1972 चा दुष्काळ आणि महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. वाचताना पुढचा उतारा समोर आला. तो कोणत्याही पुस्तकातला नाही, या लेखापुरता मीच रचला आहे. तो एका पुस्तकाच्या 64 व्या पानावर आहे असं धरू:

‘1972 च्या दुष्काळात सरकारने काढलेल्या कामांनी लाखो कुटुंबांना जगवले, पण या कामांचे खरे महत्त्व पुढे दिसले. मजुरांना काम मागण्याची सवय लागली आणि प्रशासनाला ते पुरवण्याची. दुष्काळ ओसरल्यावर ही सवय दोन्ही बाजूंना सोडता आली नाही. रोजगार हमी कायदा हा त्या सवयीला मिळालेला कायदेशीर आकार होय.’

आता हा उतारा वाचणारी विद्यार्थिनी बहुधा काय करते? आवडलेलं वाक्य वहीत उतरवते, पुढच्या दोन ओळींचा सार लिहिते, मध्येच स्वतःला सुचलेली शंका टिपते आणि खाली पुस्तकाचं नाव घालते. त्या दिवशी तिला सगळं स्पष्ट असतं. चार महिन्यांनी तीच वही उघडल्यावर तिन्ही गोष्टी एकाच शाईत, एकाच अक्षरात, एकाखाली एक दिसतात. ‘कायदेशीर आकार’ हे शब्द आपल्यालाच सुचले होते, असं मग तिला मनापासून वाटतं.

यावरचा उपाय साधा आहे, फक्त पहिल्या टाचणापासून तो पाळावा लागतो. प्रत्येक नोंदीच्या आधी खूण करायची. जसंच्या तसं उतरवलं असेल तर ‘अ’, म्हणजे अवतरण. आपल्या शब्दांत सार असेल तर ‘सा’. स्वतःचा विचार असेल तर ‘मी’. वरच्या उताऱ्याचं टाचण असं दिसेल:

अ, पृ. 64 : “मजुरांना काम मागण्याची सवय लागली आणि प्रशासनाला ते पुरवण्याची.”

सा, पृ. 64 : कायद्याची मुळं दुष्काळी कामांच्या अनुभवात आहेत, असा लेखकाचा दावा. पुरावा या पानावर नाही.

मी : वि. स. पागे यांचा तासगावातला प्रयोग दुष्काळाच्या आधीचा. मग सवय आधी की योजना आधी?

अवतरणचिन्ह उघडलं की त्याच बैठकीत बंदही करायचं आणि पान क्रमांक तिथल्या तिथे लिहायचा. ‘नंतर घालू’ म्हणून सोडलेला पान क्रमांक पुढे सापडत नाही. पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं, सादर करण्याची तारीख तोंडावर आलेली असते आणि मग माणूस अंदाजाने आकडा घालतो. मोबाइलवर पानाचा फोटो काढणाऱ्यांनी पुस्तकाचं शीर्षकपान आणि त्यामागचं मुद्रणाच्या तपशिलाचं पानही सोबत टिपावं. नुसत्या आतल्या पानाचा फोटो काही दिवसांनी ओळखू येत नाही. संगणकावर टाचण काढणाऱ्यांना धोका अधिक आहे. कॉपी-पेस्ट केलेला मजकूर फॉन्ट बदलताच आपल्या मजकुरात मिसळून जातो. पेस्ट केलेल्या मजकुराला पहिल्या क्षणी रंग द्यावा आणि त्याचा निर्णय होईपर्यंत रंग काढू नये.

आता लेखनाकडे येऊ. बहुतेकांना वाटतं की शब्द बदलले म्हणजे मजकूर आपला झाला. वरच्या उताऱ्याचं असं रूपांतर आपल्याला पुष्कळ प्रबंधांमध्ये भेटतं:

‘1972 मधील दुष्काळादरम्यान शासनाने सुरू केलेल्या कामांमुळे लक्षावधी कुटुंबे तगली, मात्र त्या कामांचे वास्तविक महत्त्व नंतर लक्षात आले. कामगारांना काम मागण्याची व यंत्रणेला ते देण्याची सवय जडली. दुष्काळ संपल्यानंतर दोन्ही पक्षांना ही सवय मोडता आली नाही. रोजगार हमी कायदा म्हणजे या सवयीचे कायदेशीर रूप आहे.’

सरकारचं शासन झालं, लाखोंचे लक्षावधी झाले, ‘पण’च्या जागी ‘मात्र’ आलं. वाक्यं तितकीच राहिली, क्रम तोच राहिला, युक्तिवादाची वळणंही तिथेच राहिली. सवयीची मूळ कल्पना तर जशीच्या तशी आहे. रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकी अभ्यासक प्राध्यापिकेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अशा लेखनाला ‘पॅचरायटिंग’ हे नाव दिलं. मूळ मजकुरातले काही शब्द गाळायचे, व्याकरण थोडं फिरवायचं, शब्दाला प्रतिशब्द बसवायचा, असं त्याचं वर्णन त्यांनी केलं. हॉवर्ड यांचं मत असं की यामागे नेहमी लबाडी नसते, नव्या विषयाची भाषा अजून अंगवळणी न पडलेला विद्यार्थी असाच चाचपडत लिहितो. मला हे मत पटतं. पण परीक्षकापुढे हेतू नसतो, मजकूर असतो. आणि या परिच्छेदाखाली तळटीप दिली तरी तो निर्दोष होत नाही. तळटीप सांगते की विचार कुठून आला. वाक्याची घडणही तिथूनच आली आहे, हे ती सांगत नाही.

असं लेखन का होतं, यावर न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ मिगेल रोइग यांनी एक प्रयोग केला. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांनी विद्यार्थ्यांऐवजी प्राध्यापकांनाच उतारे आपल्या शब्दांत लिहायला दिले. उतारा वाचायला सोपा होता तेव्हा त्यांनी मूळ शब्दांची फारशी उचल केली नाही. उतारा अवघड, तांत्रिक झाला तेव्हा त्यांच्यापैकीही बऱ्याच जणांनी मूळ शब्दांच्या मालिका उचलल्या. यातून दिसतं ते असं की अडचण शब्दसंग्रहाची असण्यापेक्षा आकलनाची असते. मजकूर पुरता कळला नसेल तर माणूस मूळ शब्दांना धरून राहतो, कारण ते सोडले तर अर्थही हातून जाईल अशी धास्ती असते. म्हणून वाक्य आपल्या शब्दांत येत नाही असं जाणवलं की कोश उघडू नये. उतारा पुन्हा वाचावा.

खरं रूपांतर करायचं तर पुस्तक मिटावं लागतं. उतारा दोनदा वाचायचा, पुस्तक बाजूला ठेवायचं, मध्ये दुसरं काही काम करायचं आणि मग या लेखकाला नेमकं काय म्हणायचं आहे हे कोणाला तरी तोंडी सांगितल्यासारखं लिहायचं. त्यानंतरच मूळ पान उघडून ताडून पाहायचं. असं केल्यावर वरचा उतारा साधारण असा येईल:

‘रोजगार हमीचा कायदा कागदावर येण्याआधीच व्यवहारात रुजला होता, असे या लेखकाचे प्रतिपादन आहे. दुष्काळी कामांवर मजूर आणि अधिकारी यांच्यात मागणी-पुरवठ्याचे जे नाते तयार झाले तेच कायद्याने पक्के केले, असे तो मानतो (पृ. 64). मात्र 1960 च्या दशकात वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात केलेला प्रयोग या मांडणीत बसत नाही. योजनेची कल्पना दुष्काळाच्या आधीची असेल, तर दुष्काळाने तिला जन्म दिला असे म्हणण्यापेक्षा बळ दिले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.’

पहिल्याच वाक्यात सांगितलं की हे म्हणणं दुसऱ्याचं आहे. मूळ क्रम मोडला, निष्कर्ष आधी आला. लेखकाचं बोलणं कुठे संपलं ते कंसातल्या पान क्रमांकाने दाखवलं. ‘मात्र’पासून पुढे लिहिणारीचं स्वतःचं मत सुरू झालं. पुढच्या वाक्यांमध्ये ती आपल्या स्रोताशी वाद घालते आहे आणि त्यामुळे त्याच्या वाक्यांवर टेकायची गरजच तिला उरलेली नाही. अर्थात पागे यांच्या प्रयोगाची माहिती तिने जिथून घेतली असेल, तिथला स्वतंत्र संदर्भ तिला द्यावा लागेल.

ताडून पाहताना तीन गोष्टी बघायच्या. सलग शब्द जुळतात का, वाक्यांचा क्रम जुळतो का, आणि मुळात नसलेलं काही आपण लेखकाच्या तोंडी घातलं का. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. मूळ लेखक फक्त ‘सवय’ म्हणाला आणि आपण ‘हक्काची जाणीव’ लिहिलं, तर संदर्भ देऊनही त्याच्यावर अन्याय होतो. आणि एखादा शब्दप्रयोग खरोखरच त्या लेखकाचा खास असेल, उदाहरणार्थ सवयीला मिळालेला ‘कायदेशीर आकार’, तर त्याची मोडतोड न करता तेवढे दोनच शब्द अवतरणात ठेवावेत. विषयाचे रूढ शब्द मात्र बदलू नयेत. ‘हजेरीपट’, ‘सुकडी’, ‘रोजगार हमी योजना’ हे कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. उचलेगिरीच्या भीतीने रोजगार हमीची ‘कामाच्या खात्रीची व्यवस्था’ केली तर वाचकाला आपण कशाबद्दल बोलतो तेच कळणार नाही.

प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यायचा का? नाही. 1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला, रोजगार हमी कायदा 1977 मध्ये संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला, या गोष्टी या विषयावरच्या कोणत्याही पुस्तकात सापडतात. त्यांना तळटीप लागत नाही. पण 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख मजूर होते, असं आपण लिहिलं तर संदर्भ हवाच. तो आकडा कोणीतरी मोजला आहे, एखाद्या विशिष्ट महिन्याचा मोजला आहे आणि दुसऱ्या कोणी वेगळ्या रीतीने मोजला असण्याची शक्यता आहे. आकडा, मत, अन्वयार्थ आणि वर्गीकरण यांना धनी असतो.

संदर्भाचा पल्ला हा आणखी एक अडखळायचा भाग. आठ वाक्यांच्या परिच्छेदाच्या शेवटी एकच तळटीप असते. ती शेवटच्या वाक्यापुरती आहे की आठही वाक्यांसाठी, हे वाचकाला कळायला मार्ग नसतो. यातली पाच वाक्यं उसनी असतील तर चार बिनसंदर्भाची ठरू शकतात आणि प्रामाणिक माणूस अडचणीत येतो. परिच्छेदाच्या सुरुवातीला लेखकाचं नाव घ्यावं, मध्ये ‘पुढे ते म्हणतात’ असं म्हणत तो धागा हातात ठेवावा आणि म्हणणं संपेल तिथे पान क्रमांक द्यावा. मग सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसतात.

मराठी प्रबंधांचा एक खास सापळा ‘तत्रैव’मध्ये आहे. लागोपाठच्या तळटिपांमध्ये तोच ग्रंथ पुन्हा आला की नाव न लिहिता ‘तत्रैव’ लिहायची जुनी चांगली पद्धत आहे. पण कच्चा खर्डा संगणकावर असताना परिच्छेद वरखाली हलतात, मध्ये नवी तळटीप घुसते आणि कालपर्यंत एका ग्रंथाकडे बोट दाखवणारं ‘तत्रैव’ आज भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतं. संगणक ते सुधारत नाही, कारण त्याच्या लेखी तो नुसता शब्द आहे. परीक्षक ते पान उघडून पाहतो आणि तिथे तसं काही नसतं. खर्डा पक्का होईपर्यंत प्रत्येक तळटिपेत आडनाव, वर्ष आणि पान लिहावं. ‘तत्रैव’ अगदी शेवटच्या दिवशी घालावं.

याहून मोठा धोका अनुवादाचा आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. इंग्रजी पुस्तक समोर ठेवून मराठीत लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्द आपणच लिहिल्यासारखा वाटतो, कारण तो शब्द खरंच त्याने शोधलेला असतो. पण ओळीमागून ओळ भाषांतरित केली असेल तर ते अवतरणच आहे, फक्त भाषा बदललेली. अशा मजकुराला अवतरणचिन्हं द्यावीत आणि तळटिपेत ‘अनुवाद माझा’ असं नमूद करावं. नाहीतर इथेही पुस्तक मिटून लिहिण्याची तीच रीत वापरावी. टाचणाच्या वेळीच इंग्रजी वाक्य इंग्रजीत आणि सार मराठीत अशी सवय लावून घेतली, तर मराठीत लिहिणाऱ्याला एक फायदा आयताच मिळतो. वहीतली भाषाच सांगते की काय उतरवलेलं आहे आणि काय स्वतःचं.

संगणकाची तपासणी यातलं बरंच काही पकडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांमध्ये असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, 40 ते 60 टक्क्यांमध्ये वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि 60 टक्क्यांपुढे नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि रीतसर श्रेय दिलेली अवतरणं यांची गणना यातून वगळली जाते. सलग 14 शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य किंवा योगायोगाचं साम्यही धरलं जात नाही. या नियमांनी धाक बसला हे खरं. पण त्यामुळे विद्यार्थ्यांचं सगळं लक्ष टक्क्यांवर गेलं आणि अहवालात लाल दिसलेले शब्द बदलत बसणं म्हणजे दुरुस्ती, असा समज पसरला. वर दाखवलेला ‘शासन’ आणि ‘लक्षावधी’चा उतारा बहुधा असाच तयार होतो. सलग शब्द जुळत नसल्यामुळे तो तपासणीतून सुटूही शकतो.

मराठीत तर टक्के आणखी फसवे ठरतात. संगणक फक्त त्याच्याजवळ असलेल्या मजकुराशी तुलना करतो आणि आपली असंख्य जुनी पुस्तकं, नियतकालिकांचे अंक आणि गौरवग्रंथ अजून कागदावरच आहेत. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पीडीएफमधली मराठी अक्षरं अनेकदा संगणकाला वाचताच येत नाहीत. इंग्रजीतून केलेलं भाषांतरही साध्या तुलनेत सहसा सापडत नाही. त्यामुळे चार टक्क्यांचा अहवाल हाती आला म्हणून प्रबंध स्वच्छ आहे असं ठरत नाही. उलट पंधरा टक्के आले तरी त्यात कायद्याची कलमं आणि संस्थांची लांबलचक नावं किती आहेत हे पाहिल्याशिवाय कोणाला दोषी ठरवू नये. अहवालातलं प्रत्येक साम्य उघडून वाचणं हे मार्गदर्शकाचं काम आहे.

खर्डा सादर करण्याआधी टाचणं समोर ठेवून एक उलट तपासणी करता येते. प्रत्येक ‘अ’ नोंद प्रबंधात शोधायची. सापडली तर तिच्याभोवती अवतरणचिन्हं आणि शेजारी पान क्रमांक आहे का ते पाहायचं. नंतर प्रत्येक तळटिपेतला ग्रंथ आपण स्वतः उघडला होता का, हे विचारायचं. दुसऱ्याच्या पुस्तकात दिलेलं अवतरण आपण तिथूनच घेतलं असेल, तर मूळ ग्रंथाचं नाव देऊन पुढे ‘अमुक यांच्या ग्रंथातून उद्धृत’ असं लिहायचं. मधल्या लेखकाने पान क्रमांक चुकवला असेल किंवा वाक्याचा अर्धा भाग गाळला असेल, तर ती चूक अशी उघड्यावर राहते आणि पुढच्या अभ्यासकाला मुळापर्यंत जाता येतं. दोनेकशे टाचणांच्या प्रबंधाला या तपासणीसाठी दोनतीन दिवस सहज लागतात. सादर करण्याची तारीख ठरवताना ते धरूनच ठरवावी.